शिरोरेषा हलवायची कशी? एका रीलच्या अक्षरांचं काम

मालवणात माझं डीटीपी आणि व्हिडिओचं काम आहे. लग्नपत्रिका, बॅनर, दशावताराच्या नाटकांच्या जाहिराती हे नेहमीचंच, पण गेली काही वर्षं निम्मी कामं रीलचीच येतात. मे महिन्यात मच्छीमार सोसायटीचे तात्या एक तयार रील घेऊन आले. पावसाळी मासेमारीबंदीची माहिती होती, कुणीतरी तयार टेम्प्लेटमध्ये मराठी मजकूर भरून दिला होता. अक्षरं एकेक करून उड्या मारत यायची, गोल फिरायची आणि जायची. तात्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "बघ गो, वाचूक घेतलंय आणि अक्षर पळान गेला!"

मजकूर मोजकाच होता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. राज्याच्या हद्दीत, म्हणजे १२ सागरी मैलांपर्यंत. बिगर-यांत्रिक होडीला बंदी नाही. ३१ मेच्या रात्रीआधी बंदरात परत या. बघणारे कोण, तर जेटीवर उन्हात उभे राहून, बहुतेक वेळा आवाज बंद ठेवून, व्हॉट्सॲपवर आलेली रील बघणारे खलाशी आणि तांडेल. त्यामुळे अक्षरं छान हलतात की नाही हा प्रश्न दुसरा होता, तारीख डोक्यात राहते की नाही हा पहिला.

आधी ती जुनी रील मी एडिटरमध्ये टाकली आणि बाणाच्या कळीने एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितली. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळं तिथेच कळतं. 'पर्यंत' हा शब्द टाइपरायटर इफेक्टने येत होता. आधी 'प'. मग 'पर'. मग र चा पाय मोडून 'पर्'. पुढच्या फ्रेमला य आला आणि तो र उडी मारून त्याच्या डोक्यावर रफार होऊन बसला. त्यानंतर अनुस्वार, आणि शेवटी त. 'यांत्रिक'मध्ये तर आणखी गंमत: 'त्र' आधी त, मग त्, मग त्र अशी तीन रूपं घेतो, आणि त्यानंतरची वेलांटी त्याच्या डावीकडे येऊन बसते म्हणून अख्खं अक्षर उजवीकडे ढकललं जातं. इंग्रजीत टाइपरायटर इफेक्टमध्ये आलेलं अक्षर जागचं हलत नाही. देवनागरीत पुढचं अक्षर येईपर्यंत मागचं कसं दिसेल याचा भरवसा नसतो. वाचणाऱ्याची नजर त्या बदलावर अडखळते आणि तोवर शब्द जायची वेळ होते.

दुसरी खोड शिरोरेषेची. टेम्प्लेटमध्ये अक्षरांमधलं अंतर हळूहळू वाढवणारी एक हालचाल होती. रोमन अक्षरांना ती शोभते, कारण ती मुळातच सुटी असतात. आपल्याकडे अंतर वाढलं की शिरोरेषा तुटते, आणि 'मासेमारी'चे 'मा', 'से', 'मा', 'री' असे चार तुकडे दिसतात. शब्द कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे आपण शिरोरेषेवरूनच ओळखतो, त्यामुळे ती तुटली की शब्दही मोडतो.

म्हणून पहिला निर्णय सोपा होता. अक्षराची हालचाल बंद, शब्द हे सगळ्यात लहान माप. आफ्टर इफेक्ट्समध्ये टेक्स्ट ॲनिमेटर लावला की रेंज सिलेक्टरच्या ॲडव्हान्स्ड भागात `Based On` असतं, ते `Characters` वरून `Words` वर आणायचं. मोबाइलवरच्या एडिटरमध्येही बहुतेक ठिकाणी शब्दागणिक येणारे प्रीसेट असतात, तेच घ्यायचे. जोडाक्षरं सुटी दिसत असतील, पाय मोडलेली अक्षरं शेजारी शेजारी उभी असतील, तर दोष ॲनिमेशनचा नसून अक्षरं जुळवणाऱ्या टेक्स्ट इंजिनचा असतो. ज्या आवृत्त्यांत तो पर्याय आहे तिथे टाइपच्या सेटिंगमध्ये `South Asian and Middle Eastern` निवडून नवीन प्रोजेक्ट उघडायचं. आणि मजकूर युनिकोडमध्येच हवा. आमच्याकडच्या छापखान्यांत अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांतला मजकूर फिरत असतो. त्यात काना, मात्रा, रफार हे सगळे वेगवेगळे तुकडे असतात, छपाईत ते चालून जातं, पण व्हिडिओत फॉन्ट बदलला की हाती नुसता कचरा येतो.

टाइपरायटरचा परिणाम हवाच असेल तर मी मास्क वापरते. पूर्ण शब्द आधी जागेवर ठेवायचा आणि डावीकडून उजवीकडे पडदा सरकवत तो उघडायचा. शिरोरेषा ओढल्यासारखी दिसते, अक्षर रूप बदलत नाही, काही ढकललं जात नाही.

आता फॉन्ट. मी नेहमी कामातलेच शब्द घेऊन परीक्षा घेते: ट्रॉलर, पर्यंत, किनाऱ्यावर, मच्छीमार, दुरुस्ती, बिगर-यांत्रिक. 'पर्यंत'मध्ये य च्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार एकत्र येतात, ते एकमेकांत मिसळतात का ते बघायचं. 'किनाऱ्यावर'मध्ये ऱ्य नीट जुळतो का. 'च्छ' लहान आकारात गोळा होतो का. 'ट्रॉ'मध्ये ट च्या पोटाखालची खूण आणि वरचा अर्धचंद्र दोन्ही शाबूत राहतात का. यात एक पोटमुद्दा आहे. व्हॉट्सॲपवरून आलेल्या मजकुरात कधीकधी 'किनार्यावर' असं रफाराचं रूप दिसतं. तेव्हा फॉन्टला दोष देण्याआधी तो शब्द स्वतः ऱ घेऊन पुन्हा टाइप करून बघावा. बऱ्याचदा मजकुरातलं न दिसणारं जोडचिन्ह वाटेत गळालेलं असतं.

टिरो देवनागरी मराठी मला मनापासून आवडतो. त्यातले ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, पुस्तकात तो फार देखणा दिसतो. पण त्याच्यात जाड आणि बारीक रेषांचा फरक मोठा आहे. रील व्हॉट्सॲपवरून फिरताना पुन्हा दाबली जाते, आणि त्या दाबण्यात बारीक रेषा आधी मरतात. उभा दांडा राहतो, जोडणारी केसासारखी रेषा जाते. तेको अरुंद आहे, मथळ्याला जागा कमी लागते, पण ठळक वजनात 'च्छ'च्या पोटातली पोकळी जवळजवळ बुजते. यात्रा वन मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला आहे, झोकदार आहे, पण त्यात एकच वजन मिळतं, म्हणजे एका शब्दावर जोर द्यायला दुसरा फॉन्ट आणावा लागतो. बालू २ चांगला चालला असता, त्याची अक्षरं गुबगुबीत आणि टिकाऊ आहेत, पण बंदीच्या सूचनेला तो जरा लाडिक वाटला. हे माझं मत. बालवाडीच्या रीलला मी डोळे झाकून तोच घेते.

शेवटी 'अनेक देवनागरी' या नावाचा फॉन्ट घेतला. 'एक टाइप' या मुंबईच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत आहे आणि व्यावसायिक कामातही वापरता येतो. माझ्यासाठी त्यातली मोलाची गोष्ट म्हणजे वजनाबरोबर रुंदीही बदलता येते, अरुंदपासून रुंदपर्यंत. 'बिगर-यांत्रिक होडीला' ही ओळ मोबाइलच्या उभ्या चौकटीत मावत नव्हती. अशा वेळी लोक अक्षर आडवं दाबून बसवतात. तसं केलं की उभे दांडे बारीक होतात आणि शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते, शब्द डोक्यात जड आणि पायात लुकडा दिसतो. फॉन्टचाच अरुंद प्रकार घेतला की दोन्ही रेषांचं नातं आखणाऱ्याने सांभाळलेलं असतं. सगळा मजकूर सेमीबोल्डमध्ये, आणि प्रत्येक पाटीवर, म्हणजे एका वेळी पडद्यावर येणाऱ्या मजकुरात, जास्तीत जास्त एक शब्द एक्स्ट्राबोल्डमध्ये. वजन वाढवून जोर दिला की आकार वाढवावा लागत नाही, आणि आकार वाढवला नाही की शिरोरेषा एका पातळीत राहतात.

ही पातळीची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तयार टेम्प्लेट नेमकी इथेच फसतात. रोमन अक्षरं जमिनीवर उभी असतात, आपली वरून लटकतात. उत्तर कोकणात वलांडीवर बोंबील सुकत घालतात, तशी. सॉफ्टवेअर मात्र शब्दाचा अँकर पॉइंट, म्हणजे ज्या बिंदूपासून तो लहानमोठा होतो तो, खालच्या रेषेवर ठेवतं. तिथून शब्द मोठा केला की पाय जागेवर आणि शिरोरेषा वर सरकते, आणि शेजारच्या शब्दाशी असलेली तिची सरळ रेघ मोडते. अँकर पॉइंट शिरोरेषेवर नेऊन ठेवला की शब्द तिथेच टांगलेला राहून खाली वाढतो. ओळीत लहानमोठे शब्द ठेवायचे तरी शिरोरेषा जुळवायच्या, तळ नाही.

हालचालीची दिशाही शिरोरेषाच ठरवते. शब्द बाजूने वेगात आणला आणि मोशन ब्लर चालू असला, तर उभे दांडे फिसकटतात आणि आडवी शिरोरेषा जशीच्या तशी धारदार दिसते. डोळ्याला अक्षरांऐवजी एक पांढरा पट्टा जाताना दिसतो. याउलट शब्द वरखाली अगदी संथ सरकवला, तर ती लांब आडवी रेषा एका पिक्सेल-ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाताना लुकलुकते. नुसतं तीन टक्के मोठं होत जाणारं संथ ॲनिमेशन लावलं तरी हीच लुकलुक होते, आणि फाइल दाबली गेली की वाढते. म्हणून मी शब्द उभ्या दिशेने, थोडं अंतर, पण चटकन आणते. १०८० बाय १९२० च्या चौकटीत साधारण ४० पिक्सेल, ८ फ्रेममध्ये, शेवटाकडे मंद होत जाणारी गती. अपारदर्शकता मात्र चौथ्या फ्रेमलाच पूर्ण, म्हणजे शब्द स्थिरावता स्थिरावता वाचायला सुरुवात होते. आणि एकदा बसला की अजिबात हलायचं नाही. जिवंतपणा हवा असेल तर मागचं दृश्य हलू दे. आमच्या रीलमध्ये मागे बंदरातल्या नांगरलेल्या बोटी होत्या, त्या तशाही डुलतच होत्या. त्यांच्यावर मजकुरामागे गडद पट्टी दिली, कारण उन्हात पाण्याच्या चमकीवर पांढरं अक्षर टिकत नाही.

वेळेचं गणित 'यांत्रिक नौकांना / मासेमारी बंद' या पाटीवर दाखवते. रील सेकंदाला ३० फ्रेमची होती. हा मजकूर मी मोठ्याने, घाई न करता वाचला तर सुमारे दोन सेकंद लागतात, म्हणजे ६० फ्रेम. त्यात अर्ध्या सेकंदाची, १५ फ्रेमची भर, कारण बघणाऱ्याची नजर आधी मागच्या बोटीवर असते, तिला मजकुरावर यायला वेळ लागतो. हे ७५ फ्रेम शब्द पूर्ण स्थिर असतानाचे. येण्याचे ८ आणि जाण्याचे ५ त्याच्या बाहेर. एकूण ८८, जवळजवळ तीन सेकंद. हालचालीची वेळ वाचनाच्या वेळेत धरली की पाटी कागदावर अडीच सेकंदांची आणि डोळ्याला दोन सेकंदांचीच मिळते, आणि तात्यांचं 'पळान गेला' तिथूनच येतं.

पहिल्या दोन शब्दांना मी वेगवेगळं आणलं नाही. 'यांत्रिक नौकांना' एकत्र, पाठोपाठ 'मासेमारी', आणि 'बंद' १० फ्रेम थांबून, एक्स्ट्राबोल्ड आणि पिवळा. एका वेळी एकच गोष्ट हलते. ७५ फ्रेमची मोजणी अर्थातच 'बंद' बसल्यावर सुरू होते, त्यामुळे पाटी आणखी थोडी लांबली. आवाज देणाऱ्या मुलाने हेच वाक्य दीड सेकंदात म्हटलं होतं. अशा वेळी पाटी आवाजामागे धावडवायची नाही. वाक्यांमध्ये थोडा श्वास टाकला आणि हद्दीच्या पाटीवरून 'राज्याच्या हद्दीत' हे शब्द काढून फक्त बोलण्यात ठेवले. त्या पाटीवर उरलं '१२ सागरी मैलांपर्यंत'. शब्द स्थिर होण्याचा क्षण बोललेल्या शब्दाच्या दोन-तीन फ्रेम आधी ठेवला की कान आणि डोळा जुळतात. उशीर झाला तर लगेच खटकतं.

मागे ढोलकीचा ठेका हवा असं सोसायटीतल्या तरुण मंडळींचं म्हणणं पडलं. ठेका मिनिटाला १०० मात्रांचा होता, म्हणजे एक मात्रा ०.६ सेकंदाची, १८ फ्रेमची. प्रत्येक मात्रेला एक शब्द, हा मोह मोठा असतो. पण १८ फ्रेममधून येण्याचे ८ गेले की वाचायला १० उरतात, आणि 'बिगर-यांत्रिक' एवढ्यात कुणाच्याच डोळ्यात भरत नाही. मी पाटीचा बदल मात्रेवर ठेवला, तोही चार-सहा मात्रांनी. ठेक्याशी नातं जाणवायला तेवढं पुरतं.

एकच हौस मी केली, ती शीर्षकावर. 'मासेमारीबंदी'. आधी नुसती शिरोरेषा डावीकडून उजवीकडे ओढली जाते, आणि मग अक्षरं तिच्यातून खाली उतरतात. लेयरवर शिरोरेषेच्या कडेला मॅट, म्हणजे ठरावीक भागच दिसू देणारी चौकट, लावला की झालं, असं वाटतं. पण या शब्दात 'से'ची मात्रा, 'री' आणि 'दी'च्या वेलांट्यांचा वरचा वळसा आणि 'बं'चा अनुस्वार हे सगळं रेषेच्या वर आहे. एकाच मॅटने ते कापलं जातं आणि 'मासमारा...' असं भलतंच वाचायला मिळतं. म्हणून लेयरच्या दोन प्रती केल्या. एकीचा मॅट शिरोरेषेच्या खालचा भाग दाखवतो, ती खाली उतरते. दुसरीचा वरचा भाग दाखवतो, ती त्याच फ्रेमला सुरू होऊन वर चढते. दोन्ही एकदमच पोचायला हव्यात, नाहीतर मधल्या फ्रेममध्ये शब्दाला मात्रा नसतात. रेषेला ६ फ्रेम, उतरायला १०. मॅटची खालची कडही सैल ठेवावी लागते. इंग्रजी टेम्प्लेटचे मॅट ओळीला चिकटून कापलेले असतात, त्यात 'जून'चा दीर्घ ऊकार हमखास तासला जातो. ओळींमधलं अंतरही तसंच. मी अक्षराच्या आकाराच्या सव्वा ते दीडपट ठेवते, नाहीतर वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या रफारात घुसतो.

खालचा साधारण पाचवा भाग आणि उजवी कड मोकळी सोडली, तिथे ॲपची बटणं आणि नावं येतात. मग फाइल स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवून, तिथून पुन्हा दुसऱ्या नंबरवर पुढे ढकलली, दाबली गेल्यावरची अक्षरं बघण्यासाठी. ती घेऊन दुपारी जेटीवर गेले. जाळं विणत बसलेल्या एका बाप्यांच्या हातात मोबाइल दिला, आवाज बंद, त्यांना काही सांगितलं नाही. बघून झाल्यावर "कधीपासून कधीपर्यंत?" एवढंच विचारलं. तारखा बरोबर आल्या, पण '१२ सागरी मैल' त्यांना आठवला नाही. घरी येऊन ती पाटी २० फ्रेमनी वाढवली आणि '१२' वेगळ्या ओळीवर घेतला.

तात्यांना शेवटी उलटी मोजणी हवी होती. ६१ दिवसांची बंदी, तर ६१ पासून खाली येणारा आकडा. तयार काउंटरमध्ये आकडा थरथरतो, कारण १ अरुंद आणि ४ रुंद. मधोमध जुळवलेला मजकूर दर बदलाला डावीउजवीकडे सरकतो. दशक आणि एकक वेगवेगळ्या लेयरवर घेतले, प्रत्येक आपापल्या ठरलेल्या चौकटीच्या मध्यावर. सगळे आकडे वाचण्यासाठी थांबवलेच नाहीत. सुरुवातीचे ६१, ६० तेवढे वाचता येतील असे, मधले दोन-दोन फ्रेममध्ये सरकते, आणि शेवटचे ३, २, १ प्रत्येकी १५ फ्रेम. पळताना १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, पण तिथे वाचायचं काही नसतं, फक्त दिवस सरताहेत एवढंच दिसायला हवं. त्यानंतरची पाटी '१ ऑगस्ट', ती मात्र पूर्ण ९० फ्रेम स्थिर ठेवली.